टेन्शन म्हणजे नेमकं काय?

(1989 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘पन्नाशीनंतरचं आरोग्य’ या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. म्हणजे साखर, ब्लडप्रेशर, गुडघे आणि सकाळी चालायला जा. हे सगळं तुम्हाला पाठ आहे आणि तुमच्यापैकी कुणीही ते करत नाही, हे मला पाठ आहे. त्यामुळे आज मी दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती जास्त करून आपल्या वर्गातल्या मुलग्यांची आहे. मुलींनी कान देऊन ऐकावं, कारण त्यांच्या घरात असा एक तरी पुरुष असेलच.

सत्तावीस वर्षं मी आपल्याच तालुक्यात दवाखाना चालवतो. एखादी बाई समोर येऊन बसली आणि मी “काय होतंय?” असं विचारलं, की ती तब्येतीबरोबर घरचंही सांगते. सासूचं, मुलाच्या नोकरीचं, रात्री काय मनात येतं त्याचं. पुरुष येतो तेव्हा तीन शब्द घेऊन येतो. “ॲसिडिटी आहे”, “अंग दुखतंय” आणि अगदीच खोदून विचारलं तर “जरा टेन्शन आहे.” या तिसऱ्या शब्दापाशी मी बरीच वर्षं थांबत आलो. कारण उत्तर तयार असायचं : “टेन्शन घेऊ नका.”

हे उत्तर किती निरुपयोगी आहे, ते मला आपल्याच वर्गातल्या एका मित्रानं शिकवलं. तो आज इथे बसला आहे. मी हे बोलणार आहे हे त्याला माहीत आहे, भाषण त्यानं आधी वाचलं आहे. नाव घेणार नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तो दवाखान्यात आला. छातीत भरल्यासारखं होतं, घास उतरत नाही, पहाटे तीनला जाग येते. ब्लडप्रेशर 148/94 होतं. ईसीजी काढला, तो व्यवस्थित. तरी वय बघता मी त्याला साताऱ्याला पाठवलं. टूडी इको झाली, ट्रेडमिलवर पळवून स्ट्रेस टेस्ट झाली, दोन्ही चांगल्या आल्या. मग पोटाची एंडोस्कोपी, तीही चांगली. मी ब्लडप्रेशरची आणि पित्ताची गोळी सुरू केली. तो तीन महिन्यांत चार वेळा आला आणि दर वेळी मी हसत म्हणालो, “लेका, तुला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नकोस.” तोही हसायचा. पैसे द्यायला लागायचा, मी घ्यायचो नाही. मग तो जायचा आणि पहाटे तीनला उठायचा.

दिवाळीनंतर कराडला आपल्या एका वर्गमित्राच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही दोघं माझ्या गाडीतून गेलो, परत निघायला रात्र झाली. मी गाडी चालवत होतो, तो शेजारी. मी सहज विचारलं, “झोप येते का रे आता?”

“तीनला उठतो.”

“मग काय करतोस?”

“काय करणार? टेन्शन.”

“कसलं?”

“आता कसलं म्हणून सांगू? टेन्शन म्हणजे टेन्शन.”

नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या रात्री मी वेगळं विचारलं. म्हटलं, “भीती वाटते, वाईट वाटतं, की कशाची तरी लाज वाटते? तिन्हींतलं काय?”

तो काहीच बोलला नाही. तीन-चार किलोमीटर तरी गेले असतील. मला वाटलं, प्रश्न आवडला नाही. मग समोर रस्त्याकडे बघतच तो म्हणाला, “रात्री भीती वाटते. दिवसा लाज.”

आता तुम्हाला 1987 साली न्यायला हवं. आपण नववीत होतो. त्याचे वडील हृदयविकारानं अचानक गेले. तेराव्यानंतर तो शाळेत आला, डोक्याचा गोटा केलेला, वर पांढरी टोपी. मधल्या सुट्टीत आपण ती टोपी पळवली. तीन-चार जणांनी गोट्यावर टपल्या मारल्या, त्यांत मी होतो. तो हसला. आपल्याला वाटलं, बरा आहे. वर्गात सरांनी त्याला जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आता तू घरातला कर्ता. आईपुढे रडायचं नाही.” सर, तुम्ही ते मायेनं म्हणाला होता आणि त्या काळी कुणीही हेच म्हटलं असतं. माझ्या वडिलांनीही मला हेच शिकवलं. त्याला तो आधारच वाटला, असं तो आजही सांगतो. त्यानं ते इतकं मनावर घेतलं, की आईपुढे तर नाहीच, तो कुणापुढेच रडला नाही.

त्याचे वडील गेले तेव्हा 51 वर्षांचे होते. गेल्या जूनमध्ये आपला मित्र 51 वर्षांचा झाला.

माझ्याकडच्या त्याच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी मी लिहिलं होतं : ‘वडील, हृदयविकार, वय 51.’ दोन ओळी वर त्याचं वय लिहिलं होतं : 51. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात. ते एकमेकांशेजारी ठेवून बघायला मला पाच महिने आणि कराडचा रस्ता लागला.

ही झाली रात्रीची भीती. दिवसाची लाज वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी त्याचा धंदा बंद पडला होता. आपल्या ग्रुपवर तो ‘एकदम मजेत’ लिहीत होता, पण घर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या पैशांवर चाललं होतं. पैसे आल्याचा मेसेज वाजला, की तो उठून बाहेर जायचा. गेल्या खेपेच्या मेळाव्याला तो आला नाही, तेव्हा आपण म्हणालो, “मोठा माणूस झालाय, वेळ नसेल.” त्याच्याकडे वर्गणीचे पैसे नव्हते.

आणि घराजवळ गाडी थांबल्यावर उतरता उतरता तो म्हणाला, “बाबा गेले तेव्हा मी रडलोच नाही रे.” मग मीही त्याला सांगितलं, की टपली मारणाऱ्यांत मी होतो. तो म्हणाला, “माहीत आहे. तुझा हात जड होता.”

आता यातलं वैद्यकीय काय ते सांगतो.

‘टेन्शन’ ही एक गोणी आहे. तिच्यात भीती, लाज आणि अडकून राहिलेला शोक, अशा तीन वेगळ्या वस्तू भरलेल्या होत्या. गोणीवर उपाय नसतो, आतल्या प्रत्येक वस्तूवर मात्र वेगळा उपाय असतो. भीती नेमकी कळल्यावर मी त्याला घेऊन बसलो. सांगितलं, की वडिलांना 55 च्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाला धोका जास्त असतो, हे खरं आहे. तुझी भीती खुळी नाही. पण तुझी स्ट्रेस टेस्ट चांगली आहे, ब्लडप्रेशर आटोक्यात येतंय, कोलेस्टेरॉल औषधानं उतरवता येईल आणि तंबाखू आजपासून बंद. अंधारातल्या भीतीला अशी मोजमापं मिळाली. लाजेचा उपाय माझ्याकडे नव्हता, तो मुलाशी बोलण्यात होता. त्याला त्याला तीन आठवडे लागले. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याला वाटायचं की बाबा आपल्यावर नाराज आहेत म्हणून उठून जातात. आता दोघं महिन्याच्या सुरुवातीला फोनवर एकत्र हिशेब करतात. शोकाला उपाय नसतो. तो कुणीतरी ऐकायचा असतो, एवढंच.

आणखी एक गोष्ट मी केली, जी जुलैतच करायला हवी होती. पहाटे ठरलेल्या वेळी जाग येणं, घास न उतरणं, माणसांत जाणं सोडणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर नैराश्याचा विचार करायचा असतो. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण दिसायला तीन-चार आठवडे गेले आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. आज तो बहुतेक रात्री सलग झोपतो. छातीत भरून येणं कधीतरी होतं, पण त्याला ते आता ओळखता येतं. ब्लडप्रेशरची गोळी सुटलेली नाही. बोलण्यानं सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही.

आणि हेही नीट ऐका : छातीत दुखलं तर पहिल्यांदा ईसीजीच काढायचा. मनाचं असेल असं म्हणून घरी बसायचं नाही. क्रम मी चुकलो नव्हतो. तपासण्या चांगल्या आल्यावर मी विचारायचं थांबलो, ही माझी चूक.

भावनांना शब्द न सापडण्याच्या या अवस्थेला एक नाव आहे, अलेक्सिथायमिया. पीटर सिफ्निऑस या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1970 च्या दशकात ग्रीक शब्दांवरून ते बनवलं. शारीरिक तक्रारी घेऊन येणाऱ्या काही रुग्णांना ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं, की ते काय घडलं ते सांगत, काय वाटलं ते त्यांना सांगताच येत नसे. पुढे रोनाल्ड लेव्हंट या मानसशास्त्रज्ञांनी असं मांडलं, की याची सौम्य आवृत्ती अनेक साध्यासुध्या पुरुषांत दिसते आणि ती वाढवण्याच्या पद्धतीतून येते. स्त्री-पुरुषांतला हा फरक अभ्यासांत दिसतो, पण लहान दिसतो. म्हणजे पुरुषाच्या मेंदूत काही कमी आहे असं नाही. सवय नाही, एवढंच.

शब्द सापडल्यानं शरीरात काही बदलतं का? मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2007 सालचा एक प्रयोग आहे. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला नेमका शब्द निवडायला सांगितल्यावर मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी झाली. हा भाग धोक्याची घंटा वाजवतो. तीच घंटा वाजत राहिली, की छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पोट आवळतं, झोप उडते. आपला मित्र याच तक्रारी घेऊन माझ्याकडे येत होता. तो खोटं बोलत नव्हता. शरीर सांगत होतं ते तो सांगत होता.

आता शब्दांचं. आपल्याला मराठीच्या बाईंनी समानार्थी शब्द पाठ करायला लावले होते, आठवतं? दोन गुणांसाठी आपण ते पाठ केले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. पण ते समानार्थी नव्हतेच. ‘धास्ती’ पुढे काही होईल याची असते. ‘हुरहूर’ लावणारं माणूस लांब असतं. ‘चुटपुट’ छोट्या राहून गेलेल्या गोष्टीची, ‘खंत’ मोठ्या गोष्टीची आणि ती वर्षानुवर्षं पुरते. ‘ओशाळणं’ वेगळं, ‘अपमान’ वेगळा, ‘हिरमोड’ वेगळा. आपल्या आया-आज्या हे शब्द रोज वापरायच्या. आपण मुलग्यांनी तीन ठेवले : टेन्शन, कंटाळा आणि राग. राग तर पुरुषाला माफच असतो, त्यामुळे बाकी सगळं रागाचा सदरा घालून बाहेर येतं. मुलगी रात्री उशिरा आली, की वाटते धास्ती आणि आपण करतो आरडाओरडा. तिला धास्ती कळत नाही, आरडाओरडा कळतो. इथे बसलेल्या मैत्रिणी माना हलवताहेत, ते मला दिसतंय.

याचा मैत्रीवर काय परिणाम होतो ते आपल्याच वर्गात बघा. रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स या संशोधकांनी इंग्लंडमध्ये शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या मैत्रीचा दीड वर्ष माग ठेवला. मुलींची मैत्री बोलण्यानं टिकली. मुलांची मैत्री नुसत्या बोलण्यानं टिकली नाही, एकत्र काहीतरी करण्यानं टिकली. आपली मैत्रीही अशीच होती : क्रिकेट, विहिरीत पोहणं, सायकली. निरोप समारंभाच्या दिवशी मुली गळ्यात पडून रडल्या आणि आपण एकमेकांच्या शर्टावर शाई उडवली. दोन्हींचा अर्थ एकच होता. पण मैदान सुटलं आणि आपल्याकडे दुसरं काही उरलं नाही.

उरला तो व्हॉट्सॲप ग्रुप. आपल्यातल्या एकाची आई गेली, तेव्हा ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे चाळीसच्या वर मेसेज आले. फोन दोघांनी केला. मी त्या दोघांत नव्हतो, मी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. आणि दुसरी जागा म्हणजे ‘बसूया’. दोन पेग झाले, की मोठमोठे पुरुष गळ्यात पडून रडतात, सकाळी कुणालाच काही आठवत नाही, निदान आठवत नाही असं ठरवतात. दारू बोलायला परवाना देते, पण झोप मोडते आणि उदासी वाढवते. ज्याला आधीच पहाटे तीनला जाग येते, त्याच्यासाठी ती औषध नाही.

हे सगळं कुठपर्यंत जाऊ शकतं त्याचा एकच आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत 1,22,724 पुरुष होते. दहांत सात. कारणं अनेक असतात, कर्ज असतं, आजारपण असतं. पण त्यातल्या कितीतरी घरांत “तो काही बोललाच नाही” हे वाक्य ऐकू येतं. मी अशा दोन घरी जाऊन आलो आहे.

म्हणून एक-दोन गोष्टी मागतो. मित्राला विचारायचं, तर समोरासमोर खुर्च्या टाकून विचारू नका, तो चौकशी लावल्यासारखा गप्प होईल. शेजारी शेजारी असताना विचारा : गाडीत, चालताना, शेताच्या बांधावर. “कसा आहेस?” याला तो “मजेत” म्हणेलच. ते झाल्यावर थोड्या वेळानं पुन्हा विचारा आणि शब्द पुढे ठेवा : भीती, लाज, वाईट वाटणं, एकटं वाटणं. तो गप्प बसला तर बसू द्या. तीन-चार किलोमीटर लागतात. आणि तो बोलला, की लगेच विनोद नको, सल्ला नको, “माझं तर बघ” नको. मी यातली प्रत्येक चूक केलेली आहे.

बोलता बोलता तो “जगण्यात काही राम नाही” असं काही म्हणाला, तर घाबरून विषय बदलू नका. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. हा नंबर ग्रुपवर टाकतो, गुड मॉर्निंगच्या खाली दबू देऊ नका.

शेवटचं. हे भाषण मी मित्राला वाचायला दिलं, तेव्हा त्यानं एकच दुरुस्ती केली. नववीतल्या त्या दिवसांबद्दल मी लिहिलं होतं, ‘त्याला दुःख झालं होतं.’ त्यानं ‘दुःख’ खोडलं, पेन हातात धरून बराच वेळ बसला आणि वर लिहिलं, ‘पोरकं वाटलं होतं.’ मग म्हणाला, “हे वाक्य भाषणाच्या मध्ये नको. शेवटी वाच.”

वाचलं रे.